गाळा किरायाने घेण्याआधी तीन ओळी सोबत वाचा

(घुग्घुस येथील बैठकीतील मांडणी)

डब्ब्यांसाठी किंवा मसाल्यासाठी गाळा पाहताना आपण किराया किती तेवढंच विचारतो. पण पैसा अडकतो तो करारातल्या लॉक-इन, नोटीस आणि डिपॉझिटच्या ओळींत. या तीन ओळी कागदावर दूर दूर असतात, म्हणून सुट्या वाचल्या की साध्या वाटतात.

समजा किराया महिना 4,000, डिपॉझिट 20,000, करार 11 महिन्यांचा, लॉक-इन 6 महिने, नोटीस 1 महिन्याची. लॉक-इन म्हणजे तेवढे दिवस गाळा सोडला तरी किराया द्यावा लागतो. आता काम बसलं नाही आणि चौथा महिना संपताना तुम्ही चाबी परत केली. दोन महिने उरले, म्हणजे 8,000 गेले. हातात 12,000 यायला पाहिजेत.

पण करारात "लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस" असं लिहिलं असेल, तर मालक तिसराही महिना मोजेल. सहाचे सात झाले, 12,000 कापले, उरले 8,000. म्हणून सहीच्या आधीच लिहून घ्या: "नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल." मग पाचवा महिना संपताना नोटीस दिली की सहाव्याच्या शेवटी तुम्ही मोकळ्या. लॉक-इन दोघांवरही आहे का, तेही पाहा. काही करारांत आपण बांधलेल्या आणि मालक मात्र कधीही "खाली करा" म्हणू शकतो. हे तर मला मुळीच पटत नाही.

डिपॉझिटच्या ओळीत "दुरुस्ती व रंगरंगोटी वजा करून" असं बहुतेक असतंच. आपल्या घुग्घुसात कोळशाची धूळ भिंतीवर बसणार, त्यात आपला काय दोष? "रोजच्या वापराने व धुळीने झालेला मळ वगळून" हे शब्द टाकायला सांगा. पैसे कधी परत मिळतील तेही लिहिलेलं हवं. चाबी देताना त्याच दिवशी, हे सगळ्यात बरं. चाबी घेताना भिंतींचे फोटो काढा आणि मीटरचं रीडिंग करारावर लिहा.

नोटीस तोंडी देऊ नका. दोन प्रती करा, एकीवर मालकाची तारखेसह सही घ्या. सही नाकारली तर पोस्टाने रजिस्टर करून पाठवा आणि पावती जपा.

मालक म्हणेल, "11 महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 जिथे लागू आहे, तिथे कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं धरलं जातं.

आणि करार गटाच्या नावाने करा. एकट्या अध्यक्षताईच्या नावाने झाला, तर ते 12,000 तिच्याकडे मागतील.