बोट कुठे अडतं?



मुलीने जलचक्र काढलंय.
समुद्र, सूर्य, ढग, डोंगरावर पाऊस.
बाष्पीभवनाचा बाण वर जातो. बरोबर.

आता समुद्रावर बोट ठेवा,
आणि बाणांमागून फिरवा.
ते परत समुद्रात यायला हवं.

ढगापाशी बोट अडतं.
तिथे तिने ‘वाफ’ लिहिलंय. हे चूक.
पाण्याची वाफ डोळ्यांना दिसतच नाही.
ढग म्हणजे बारीक थेंब किंवा हिमकण.
म्हणून तिथे ‘सांद्रीभवन’ हवं.

ढग समुद्रावर, पाऊस डोंगरावर.
मग वाऱ्याचा बाण कुठाय?

पाऊस पडला, बोट पुन्हा अडलं.
नदीचा बाण समुद्राकडे हवा.
पानांतून वर जाणारा, बाष्पोत्सर्जनाचा बाण हमखास राहून जातो.

बोट परत समुद्रात यायला हवं, बरं का.
जमिनीत मुरलेलं पाणीसुद्धा हळूहळू नदीला, समुद्राला मिळतं.
मुरणाऱ्या पाण्याचा बाण मातीतच संपवू नका.