आधी वजन करा, मग खताचं टाकं बांधा

बऱ्याच गावांत शाळेचा पोषण आहार आपल्याच गटाच्या बाया शिजवतात. त्यामुळे शाळेत ओला-सुका कचऱ्याचा पाठ सुरू झाला, की त्यातला बराचसा ओला कचरा आपल्याच गंजातून निघालेला असतो.

खत करायचं म्हटलं की आपल्या विदर्भात पहिलं नाव निघतं नाडेपचं. पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांची ही पद्धत शेतासाठी उत्तम. पण ते टाकं 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असतं आणि एक-दोन दिवसांत भरावं लागतं. त्याला काडीकचराच 1400 ते 1500 किलो लागतो. शाळेत तेवढा निघतो का, हे आधी मोजायला हवं.

सोमवार ते शनिवार, जेवण झाल्यावर ठरलेल्या वेळी, तीन बादल्या काट्याला लावायच्या: उष्टं-सालपटं, कागद-प्लास्टिक आणि पालापाचोळा. रिकाम्या बादलीचं वजन वजा करायचं. चिप्सची पाकिटं काट्यावर दिसतच नाहीत, ती नगावर मोजायची. शेजारी त्या दिवसाची हजेरी आणि शिजवलेला तांदूळ लिहायचा. हे दोन आकडे नसतील तर उष्ट्याचं वजन काहीच बोलत नाही.

समजा, पहिली ते पाचवीची 60 मुलं. मुलामागे 100 ग्रॅम, म्हणजे 6 किलो तांदूळ. बाजाराच्या दिवशी 45 आली, तरी 6 किलोच शिजवला. दीड किलो तांदूळ जास्त. शिजून तो साडेतीन-चार किलो होतो आणि बादलीत येतो. पुढच्या आठवड्यात हजेरी पाहूनच तांदूळ काढा. हजेरी पूर्ण असूनही उष्टं वाढलं, तर मात्र त्या दिवशीची डाळ चाखून पाहा!

एवढं करून रोज दीड किलो उरलं, तर आठवड्याचे 9 किलो. त्यावर नाडेप भरायला तीन वर्षं लागतील. अशा शाळेला भोकं पाडलेले दोन ड्रम पुरे. एक भरायचा, दुसरा मुरू द्यायचा.

नुसता भात टाकला तर तो आंबतो, वास सुटतो, अळ्या होतात. म्हणून एक टोपलं उष्टं, तर दोन-तीन टोपली वाळला पाला, वर मूठभर जुनं खत. मधूनमधून मूठ आवळून पाहा. पाणी गळलं तर पाला वाढवा, भुरभुर झालं तर पाणी शिंपडा. उन्हाळ्याच्या सुटीत ड्रम ओलावून, ओलं पोतं झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाणी द्यायला कुणीतरी नेमा. आपल्या मे महिन्यात तो नाहीतर कोरडाठाक होतो.

आणि फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ जाळू देऊ नका. पोत्यांत भरून कोरड्या खोलीत ठेवायला सांगा. पावसाळ्यात ड्रम चिकचिकला, की वाळला पाला कुठेच सापडत नाही.