दोन गोळ्या, दोन रकाने
(रेडिओवरील भाषण)

जालन्यात ऑपरेशन करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस एसटीनं किंवा जीपनं घनसावंगीला, मंठ्याला, भोकरदनला घरी जातो. हातात गोळ्यांची पिशवी असते. दवाखान्यात गोळी द्यायला सिस्टर असते आणि दिलेली गोळी ती लगेच लिहून ठेवते. घरी गेल्यावर हे काम कोणाचंच नसतं. आई एक गोळी देते, तासाभरानं बायको विचारते, "घेतली का?", रुग्ण झोपेत मान हलवतो आणि दुसरी गोळी पोटात जाते. म्हणून आज पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून पालटून कशी घ्यायची आणि कागदावर कशी लिहायची, एवढंच सांगणार आहे.

दोन वेगळी औषधं का देतात? आयबुप्रोफेन जखमेच्या जागी सूज आणि ठणका कमी करतं. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूत काम करून वेदनेची जाणीव कमी करतं. दोघांचे रस्ते वेगळे असल्यामुळे दोन्ही मिळून जास्त आराम देतात. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचा आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसतं आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना चांगला आराम पडला, तर दोन्ही घेतलेल्यांत दहापैकी सात जणांना. त्रासही वेगवेगळा होतो. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते. आयबुप्रोफेन जठराला आणि मूत्रपिंडाला बाधतं. त्यामुळे दोघांची कमाल मर्यादा वेगळी आणि हिशेबही वेगळा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बासष्ट किलो वजनाचा एक मोसंबीवाला शेतकरी आहे. हर्नियाचं ऑपरेशन झालंय. बीपी, साखर, दमा, अल्सर यांपैकी काही नाही, दारूही नाही. डॉक्टरांनी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल दिवसाला जास्तीत जास्त चार आणि ४०० ची आयबुप्रोफेन जास्तीत जास्त तीन लिहून दिली आहे. म्हणजे पॅरासिटामॉल २६०० मिलिग्रॅम आणि आयबुप्रोफेन १२००.

मुलीच्या वहीचं एक पान घ्या. मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'पॅरासिटामॉल, २४ तासांत ४' आणि उजवीकडे 'आयबुप्रोफेन, २४ तासांत ३' असं मोठ्या अक्षरात लिहा. वेळा अशा ठेवा: सकाळी सहाला डावीकडची, नऊला नाश्त्यानंतर उजवीकडची, बाराला डावीकडची, तीनला उजवीकडची, सहाला डावीकडची, रात्री नऊला जेवणानंतर उजवीकडची. मध्यरात्री कळ आली म्हणून जाग आली, तरच चौथी पॅरासिटामॉल. झोपलेल्या माणसाला गोळीसाठी उठवायचं नाही. आयबुप्रोफेन उपाशीपोटी नको, म्हणून तीन वाजता निदान अर्धी भाकरी किंवा दूध द्या.

दर तीन तासांनी काहीतरी पोटात जातं, म्हणून आधीच्या कळीवर दुसरी चढत नाही. पण एकाच औषधाच्या दोन गोळ्यांत मात्र सहा तासांचं अंतर राहतं. बघायचं ते हेच अंतर. गोळी गिळल्यावर घड्याळात बघून वेळ लिहायची, आधी लिहून ठेवायची नाही. गोळ्या देणारा माणूसही घरात एकच ठरवा.

आता चूक कुठे होते ते बघा. दुसऱ्या दिवशी हा माणूस गोठ्यापर्यंत चालून आला आणि संध्याकाळी सातला टाक्यांत ठणका सुरू झाला. पुतण्या गावातल्या दुकानातून अंगदुखीची गोळी घेऊन आला. रेडिओवर मी कंपनीचं नाव घेत नाही, पण आपल्याकडे फार खपणारी ही गोळी आहे आणि तिच्या एकीतच ४०० आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल असतं. ती सातला घेतली. नऊला नेहमीची आयबुप्रोफेन झाली. अकराला दुकानातली आणखी एक आणि बाराला पॅरासिटामॉल. घरच्यांच्या लेखी फक्त दोनच गोळ्या जास्त झाल्या. कागदावर मांडा: आयबुप्रोफेन १२०० ऐवजी २००० आणि पॅरासिटामॉल २६०० ऐवजी ३२५०. शिवाय तीन ते अकरा या आठ तासांत आयबुप्रोफेन चार वेळा पोटात गेलं. जोडगोळी घेतली तर ती दोन्ही रकान्यांत लिहायची, हा नियम पाळला असता तर पुतण्यानं ती पहिल्यांदा आणली तेव्हाच तीनचा आकडा नजरेला पडला असता. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं आणि पाठदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक, म्हणजे आयबुप्रोफेनचेच भाऊबंद. म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

मर्यादा भरली आणि दुखणं थांबलं नाही, तर तिसरी गोळी शोधायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. गोळ्यांवर गोळ्या रेटून चालत नाही, कारण पॅरासिटामॉल फार जास्त गेलं तरी पहिल्या दिवशी फक्त मळमळ होते, कधी तेही होत नाही. डोळे पिवळे दिसेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. त्यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून असं झालं तर त्रास नसला तरी कागद हातात घेऊन थेट दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

हे वेळापत्रक सगळ्यांना नाही. बीपीच्या गोळ्या चालू असलेले, मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा दमा असलेले, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय उजवा रकाना काट मारूनच टाकावा. डेंग्यूची शंका असेल तरीही. उन्हाळ्यात उलट्या होत असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर आयबुप्रोफेन तिथेच थांबवा. वजन कमी असलेल्यांची मर्यादाही कमी असते. ४० किलोच्या बाईला पॅरासिटामॉल दिवसाला २४०० च्या पुढे नको, म्हणजे ६५० च्या चार गोळ्या तिला जास्तच. तिच्यासाठी ५०० च्या चार लिहून घ्या. दारू पिणाऱ्यानं हा आकडा डॉक्टरांकडून वेगळा ठरवून घ्यावा. लहान मुलांचा हिशेब वजनावर असतो, मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून तो जमत नाही.

कागदाचा आणखी एक उपयोग. साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रकान्यातल्या नोंदी कमी व्हायला हव्यात. मध्यरात्रीची गोळी आधी सुटते, मग हळूहळू आयबुप्रोफेन. नोंदी वाढत असतील, टाक्यांभोवती लाली, गरमपणा किंवा पू दिसत असेल, तर जखम चिघळलेली असू शकते. या दोन्ही औषधांनी ताप दबतो, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. शौच डांबरासारखं काळं झालं, तर पोटात रक्तस्राव आहे असं समजून त्याच वेळी निघा.

सुट्टी होताना पिशवीतल्या प्रत्येक गोळीत कुठलं औषध आहे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे सिस्टरकडून पानावर लिहून घ्या. टाके काढायला याल तेव्हा तेच पान डॉक्टरांपुढे ठेवा.