मुदत गेली म्हणून देणे गेले काय?
(एका सभेतील भाषण)



नीती म्हणजे काय, असे पुसले असता कोणी कायद्याकडे बोट दाखवितो, कोणी पोथीकडे, कोणी रीतभातीकडे. या चार गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे एका देण्यावरून पाहू.

समजा, एका सुताराने शेजारच्या शेतकऱ्यास 10,000 रुपये चिठ्ठीवर हातउसने दिले. परत देण्याची मुदत ठरविली नाही. मध्यंतरी काही फेड झाली नाही, लेखी कबुलीही नाही. अशी 3 वर्षे लोटली. आता 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे सुताराचा दावा कोर्ट फेटाळून लावील. शेतकरी म्हणतो, "कायद्यानेच मला मोकळे केले." हे खरे नव्हे. कायद्याने कोर्टाचे दार लाविले, देणे पुसले नाही. म्हणून तर त्याने आज सहीनिशी लेखी वचन दिले, तर 1872 च्या कराराच्या कायद्याप्रमाणे ते वचन बंधनकारक होते. पुरावे जुने होतात, साक्षीदार मरतात, म्हणून कायदा मुदत घालतो. पण पैसे घेतले ही गोष्ट 3 वर्षांनी खोटी होत नाही.

आता धर्म. बापाचे ऋण मुलाने फेडावे, असे हिंदूंचे शास्त्र सांगते. कोर्टेही ते मुलांवर लादीत. 2005 साली कायदा दुरुस्त झाला आणि त्यानंतरच्या कर्जांपुरते ते बंधन उठले. धर्माची आज्ञा, जो तो धर्म मानतो त्यासच पटते. नीतीचे कारण मात्र न मानणाऱ्यासही सांगता येते: सुताराने विश्वासाने घाम गाळून मिळविलेला पैसा दिला, त्याच्या जागी आपण असतो तर काय मागितले असते?

रीतभात याहून निराळी. सुताराने भर लग्नमंडपात पैसे मागितले, तर लोक त्यास अडाणी म्हणतील. पण त्याने अनीती केली नाही. उलट शेतकरी भेटेल तेव्हा रामराम करून पानसुपारी पुढे करील आणि पैसा देणार नाही, तर त्याची रीत चोख, नीती खोटी.

मात्र नीती म्हणजे नेहमी सावकाराचीच बाजू, असेही नव्हे. अडल्याची नड पाहून कोणी भरमसाट व्याज लाविले असेल, तर मुदतीत केलेला दावाही नीतीच्या कसोटीस उतरेलच असे नाही.

म्हणून चार प्रश्न वेगळे ठेवावे. कोर्ट काय करील? पोथी काय सांगते? लोक काय म्हणतील? आणि, दुसऱ्याच्या जागी उभे राहून, हे योग्य काय? पहिल्या तिहींचे उत्तर चौथ्यास लागू करणे, हीच चूक आम्हांस घरोघर दिसते.