एकाच फणीतली केळी : जुलाबाला कोणतं, बद्धकोष्ठतेला कोणतं?

जुलाब होत असताना केळं द्यावं की बंद करावं, असं विचारलं तर एकाच घरात दोन उत्तरं मिळतात. आजी म्हणते, केळ्यानं पोट साफ होतं, म्हणून जुलाबात नको. सून म्हणते, केळं पोट बांधतं, म्हणून आजोबांना नको. गंमत अशी, की दोघी वेगवेगळ्या केळ्यांबद्दल बोलत असतात.

हिरव्या, भाजीच्या केळ्यातला गर बहुतांशी स्टार्च, म्हणजे पिष्ट असतो. त्यातलं बरंचसं पिष्ट लहान आतड्यात पचत नाही, तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून काही सौम्य आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्याच्या पेशी शोषून घेतात, आणि त्यांच्याबरोबर मीठ आणि पाणीही शरीरात परत ओढलं जातं. जुलाबात पाणी बाहेर चाललेलं असतं, त्यामुळे हेच हवं असतं. केळं पिकतं तसं या पिष्टाची साखर होते आणि जिभेला जाणवणारा तुरटपणाही जातो. उरतं ते मऊ, गोड फळ आणि मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण तीन ग्रॅम चोथा. म्हणून पिकलं केळं ना जुलाब थांबवण्याचं औषध, ना पोट साफ करण्याचं. चोथ्याच्या हिशोबात त्याचा थोडा हातभार लागतो, एवढंच.

बंगालमध्ये पोट बिघडलं की ‘काँचकला’ म्हणजे कच्च्या केळ्याचा पातळ रस्सा आणि भात देतात. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रानं हीच गोष्ट तपासली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच ते बारा महिन्यांची, दोन आठवड्यांहून जास्त जुलाब होत असलेली मुलं होती. काहींना तांदळाच्या पेजेत शिजवलेलं हिरवं केळं दिलं, काहींना पेजेत पेक्टिन, आणि काहींना नुसती पेज. चौथ्या दिवशी केळं मिळालेल्या दहांपैकी जवळजवळ आठ मुलांचे जुलाब थांबले होते. नुसत्या पेजेवर असलेल्यांत चारांतल्या एकाचेही जेमतेम. पण लक्षात घ्या, केळं शिजवलेलं होतं, जुलाब रेंगाळलेले होते, आणि ही मुलं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती. कालपासून सुरू झालेल्या जुलाबांना केळं इतक्याच झटक्यात थांबवेल, असा अर्थ यातून काढू नका.

आता बाजारातलं केळं. ते हिरवंच उतरवतात आणि वायू सोडून खोलीत पिकवतात. साल पिवळीधमक, पण देठ आणि टोक हिरवट, गर घट्ट आणि चव किंचित तुरट असेल, तर आत अजून पिष्ट शिल्लक आहे. सालीवर तपकिरी ठिपके आले, बोटानं दाबलं तर दबलं, की ते खरं पिकलं. ‘केळ्यानं मला कोंडतं’ म्हणणाऱ्यांना मी आधी विचारते, कोणतं खाता? बहुतेक वेळा उत्तर येतं, आणल्या दिवशीचं, हिरव्या टोकाचं.

समजा, इंदूरमधलं एक घर आहे. चौदा महिन्यांचा नातू, वजन दहा किलो, दोन दिवस रोज पाच-सहा पातळ शी. आणि बहात्तर वर्षांचे आजोबा, त्यांना तीन दिवसांतून एकदा, तीही कुंथून. टोपलीत एकच फणी आहे.

नातवाला पहिलं केळं नव्हे, ओआरएस. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती विरघळवायची, मोठी पुडी बहुधा एक लिटरची असते. प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच. डॉक्टरांकडून झिंक, या वयाला रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस. शी थांबली म्हणून मधेच सोडायचं नाही. मग खाणं : हिरवं केळं सालीसकट दहाएक मिनिटं, मऊ होईपर्यंत उकडायचं, सोलून कुस्करायचं आणि त्यातलं अर्धं मऊ भातात किंवा पेजेत, चवीला किंचित मीठ घालून. हिरवं केळं नसलं तर पिकलंही चालतं. ते बंद करण्याचं कारण नाही, उलट जुलाबात वाहून जाणारं पोटॅशियम त्यातून थोडं परत मिळतं. शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा मूल मलूल पडलं, तर स्वयंपाकघरातले उपाय तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा.

याच घरात ‘सफरचंद जुलाबाला चांगलं’ म्हणून सफरचंदाचा डबाबंद रस आणला जातो. हे नुकसानीचं आहे. सफरचंदाच्या गरात पेक्टिन असतं, ते पाणी धरून ठेवतं. म्हणून सोलून वाफवलेलं, कुस्करलेलं सफरचंद बाळाला चालतं. पण गाळलेल्या रसातून ते बहुतेक गेलेलं असतं आणि उरते साखर, त्यात सॉर्बिटॉल नावाची नीट न शोषली जाणारी साखरही. ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते.

तेच सफरचंद आजोबांनी सालीसकट खायचं, म्हणजे चार ग्रॅमच्या आसपास चोथा मिळतो. ‘सफरचंदानं पोट बांधतं’ हा समज उकडून, सोलून खाण्यातून आलेला असावा. त्यांच्यासाठी टोपलीतली ठिपकेवाली दोन केळी, एक सफरचंद आणि एक पिकलेला पेरू, बियांसकट. पेरूच्या बियांनी अपेंडिक्स होतं ही भीती घराघरांत आहे, तिला आधार नाही. दात चांगले असतील तर बिया खुशाल खाव्यात. कच्चा पेरू मात्र तुरट असतो, तो त्यांना नको. वाळवलेले आलुबुखारे, नासपती ही फळं सॉर्बिटॉलमुळेच मळ सैल करतात. बाळाला जे नको, तेच आजोबांना हवं. भिजवलेले चार-पाच आलुबुखारे रात्री, दहा दिवस करून बघावेत.

चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं, म्हणून दर तीन-चार दिवसांनी एकेक फळ वाढवायचं आणि पाणीही वाढवायचं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळ्यातलं पोटॅशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि मधुमेह असेल तर दोन केळी एका वेळी नकोत.

एक गोष्ट ज्येष्ठांच्या बाबतीत हमखास चुकते. आजोबांना आठवडाभर शौचाला साफ झालेलं नाही आणि मग अचानक थोडं थोडं पातळ व्हायला लागतं, कधी कपड्यातही. घरचे म्हणतात, जुलाब लागले, आणि कच्च्या केळ्याची भाजी सुरू करतात. पण अनेकदा आत घट्ट मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूनं पाणी झिरपत असतं. अशा वेळी बांधणारं खाणं आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या दोन्ही त्रास वाढवतात. ओळखायचं कसं? आधी किती दिवस कोंडलं होतं ते आठवायचं, खालच्या पोटात जडपणा आहे का ते विचारायचं, आणि तपासून घ्यायचं. पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्यानंच बदलली असेल, वजन उतरत असेल किंवा मळात रक्त दिसत असेल, तर कोणतं फळ खाऊ हा प्रश्न नंतर, मोठ्या आतड्याची तपासणी आधी.