नाण्याला आठवण नसते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी छापा-काट्याविषयी बोलणार आहे. पोरांच्या खेळातला विषय या बाईने कुठून काढला, असे तुम्हांपैकी काहींना वाटेल. पण चार-पाच मुली झालेल्या सुनेला "आता मुलगा होणारच" म्हणून जे घर पुन्हा बाळंतपणाला बसवते, त्या घराचा हिशेब याच खेळात चुकलेला असतो. म्हणून आधी नाण्याचे पाहू आणि मग घराकडे वळू.

रुपयाचे एक चांगले नाणे घ्या. सिंहाची बाजू म्हणजे छापा, आकड्याची बाजू म्हणजे काटा. ते उडवले आणि लागोपाठ पाच वेळा छापा आला. आता सहाव्या वेळी काय येईल? दहांतल्या आठ जणी तरी म्हणतील, "आता काट्याची पाळी." घोळ या 'पाळी' शब्दातच आहे. नळावर पाळी असते, रेशनच्या रांगेत पाळी असते, कारण कोण आधी आली आणि कोण मागाहून, हे तिथे कोणीतरी ध्यानात ठेवते. नाण्याची पाळी कोण ध्यानात ठेवणार? नाणे म्हणजे धातूची चकती. मागे काय पडले याची खूण तिच्यावर उरत नाही. प्रत्येक वेळी ती नव्याने वर जाते आणि नव्याने खाली येते.

नुसते सांगून पटणार नाही, म्हणून हिशेबच करू. असे समजा की या सभागृहात आपण चौसष्ट जणी बसलो आहोत आणि प्रत्येकीच्या हातात एकेक रुपया आहे. सगळ्या एकदम नाणे उडवतात. ज्यांचा काटा पडला त्यांनी खाली बसायचे, छापा पडला त्यांनी उभे राहायचे. साधारण निम्म्या म्हणजे बत्तीस जणी उभ्या राहतील. त्या पुन्हा उडवतील, मग सोळा उरतील. तिसऱ्या वेळी आठ, चौथ्या वेळी चार आणि पाचव्या वेळी दोन. या दोघींचा पाचही वेळा छापा पडलेला आहे. प्रत्यक्षात एखादी कमी-जास्त उभी राहील, पण सरासरी दोनच.

आता या दोघी सहाव्यांदा नाणे उडवतात. काय होईल? पहिल्या वेळी चौसष्ट जणींचे जे झाले तेच. निम्मा छापा, निम्मा काटा. म्हणजे दोघींपैकी एकीचा छापा आणि एकीचा काटा. या दोघींच्या नाण्यांनी बाकीच्या बासष्ट नाण्यांहून वेगळे का वागावे? सगळी नाणी एकाच टाकसाळीतली आहेत.

इथे कोणी विचारील, "सलग सहा छापे पडणे फार दुर्मिळ ना?" होय, दुर्मिळच आहे. चौसष्टांत एकदा. पण पाच छापे आणि मग एक काटा, हेही चौसष्टांत एकदाच घडते. आपले मन पहिली गोष्ट मोजते आणि दुसरी मोजायला विसरते. शिवाय जे दुर्मिळ होते ते घडून गेले आहे. पाच छापे पडणे हाच अवघड भाग होता आणि तो आपल्या डोळ्यांदेखत झाला. पुढे फक्त एकदा नाणे उडवायचे उरले आहे, आणि एका वेळचा हिशेब निम्मा-निम्माच.

मग "आता पाळी आली" ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट का बसली? माझ्या मते त्याचे कारण आपल्या भिशीत आहे. बारा जणींची भिशी असते. डब्यात बारा चिठ्ठ्या टाकतो. पहिल्या महिन्यात प्रत्येकीला बारांत एक संधी. जिची चिठ्ठी निघते ती पुन्हा डब्यात टाकत नाही. पाच महिने झाले की डब्यात सातच चिठ्ठ्या उरतात आणि उरलेल्या प्रत्येकीची संधी सातांत एक होते. शेवटच्या महिन्यात जी उरली तिचा नंबर लागणारच. इथे "आता माझी पाळी जवळ आली" हे म्हणणे अगदी बरोबर आहे. कारण डब्याला आठवण आहे. निघालेली चिठ्ठी डब्यात नाही, हीच ती आठवण.

पण समजा आपण दर महिन्याला निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकली. मग दर महिन्याला संधी बारांत एकच राहील. पाच महिने जिची चिठ्ठी निघाली नाही तिची सहाव्या महिन्यातही बारांत एकच. नाणे म्हणजे ही दुसरी भिशी. म्हणून "आता पाळी आली" असे कोणी म्हणाले की एकच प्रश्न विचारावा: निघालेली चिठ्ठी परत टाकली की नाही? परत टाकली असेल, तर पाळी नाही.

दुसरी शंका जरा खोल आहे. "शेवटी छापा-काटा सारखे होतात म्हणतात. मग पुढे गेलेल्या छाप्यांची भरपाई काट्याने करायला नको का?" सारखे होतात हे खरे, पण भरपाईने नव्हे. आमटीत मीठ जास्त झाले तर आपण पाणी घालून ती वाढवतो. मीठ कुठे जात नाही, पण आमटी मोठी झाल्यामुळे खारटपणा जाणवत नाही. तसेच इथे आहे. पहिले पाच छापे पडले. पुढे हजार वेळा नाणे उडवले आणि त्यांत पाचशे छापे, पाचशे काटे पडले. एकूण छापे 505, काटे 500. पाचाची आघाडी जशीच्या तशी राहिली. काट्याने एक पैसाही परत केला नाही. तरी एक हजार पाचांत 505 म्हणजे जवळजवळ निम्मेच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन केरिक नावाचे एक गणिती डेन्मार्कमध्ये नजरकैदेत होते. तिथे त्यांनी दहा हजार वेळा नाणे उडवून नोंद ठेवली. छापे आले 5,067 आणि काटे 4,933. शेवटी फरक होता 134 छाप्यांचा, तरीही प्रमाण निम्म्याच्या अगदी जवळ.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. हे सारे चांगल्या नाण्याबद्दल झाले. नाण्यातच खोट असेल, दोन्ही बाजूंना छापाच असेल, तर पाच छाप्यांनंतर सहावाही छापाच येणार. म्हणजे पाच छाप्यांवरून काही अनुमान काढायचेच असेल तर ते छाप्याच्या बाजूने निघते, काट्याच्या नव्हे. नुसत्या पाच वेळांवरून खोट ठरत नाही. पाच छापे तर बत्तिसांत एकदा चांगल्या नाण्याचेही पडतात. संशय आला तर तेच नाणे शंभर वेळा उडवावे. चांगल्या नाण्याचे छापे बहुधा चाळीस ते साठांच्या आत राहतात. नव्वद पडले तर नाणे दुकानदाराला दाखवावे.

ही समजूत किती महाग पडते याचे उदाहरण इटलीतले आहे. तिथल्या सोडतीत नव्वद आकड्यांतून पाच आकडे काढतात आणि पुढच्या सोडतीला सगळे नव्वद परत टाकतात. व्हेनिस शहराच्या सोडतीत 53 हा आकडा 2003 पासून निघेना. "आता निघालाच पाहिजे" म्हणून लोकांनी त्याच्यावर घरचे पैसे लावले, कर्जे काढली, काही कुटुंबे देशोधडीला लागली. अखेर 2005 च्या फेब्रुवारीत तो निघाला. त्याही दिवशी त्याची संधी पहिल्या दिवसाइतकीच, अठरांत एक होती.

आता घराकडे वळू. मूल मुलगा की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते, आणि प्रत्येक गर्भाच्या वेळी ते नव्याने ठरते. निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे एकशेपाच मुलगे जन्मतात, म्हणजे जवळजवळ नाण्यासारखेच. आधीच्या पाच मुलींची चिठ्ठी कुठल्याही डब्यातून कमी झालेली नसते. काही घरांचा कल एका बाजूला किंचित झुकतो असे काही अभ्यासांत दिसले आहे. ते खरे धरले, तर पाच मुलींच्या घरी पुढच्या वेळी मुलगीच किंचित अधिक संभवते. मुलाची "पाळी" कोणत्याच हिशेबात येत नाही.

माझ्या माहेरच्या गल्लीत एक सून होती. तिला पाच मुली. अंगात रक्त नव्हते, आणि आता पुन्हा दिवस जाऊ देऊ नका असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. सासूबाई म्हणाल्या, "देवाने पाच वेळा हात आखडला, सहाव्या वेळी आखडणार नाही." सहाव्या वेळी तिला मुलगा झाला. बाळंतपणात ती मरता मरता वाचली आणि त्यानंतर तिने कधी घागर उचलली नाही. मुलगा झाला याचा आनंद सर्वांना झाला, मलाही झाला. पण तेव्हापासून गल्लीत कोणाला तीन-चार मुली झाल्या की तिचेच उदाहरण देतात: "बघ, तिला झाला की नाही?"

भगिनींनो, झाला तो निम्म्या संधीने झाला. त्याच संधीने ज्यांना सहावी मुलगी झाली त्यांची उदाहरणे कोणी देत नाही, आणि ज्या बाळंतपणात गेल्या त्यांची तर नाहीच नाही. खाली बसलेल्या बासष्ट जणींना आपण मोजत नाही, उभ्या राहिलेल्या दोघींकडेच बघतो, त्यातलाच हा प्रकार. सासूबाईंनी जर म्हटले असते, "सुनेचा जीव धोक्यात घालायचा आहे आणि मुलाची संधी पहिल्या खेपेला होती तेवढीच आहे," तर तो खरा हिशेब झाला असता. मग त्या सुनेने आणि तिच्या नवऱ्याने काय ठरवायचे ते डोळे उघडे ठेवून ठरवले असते.

तुमच्या घरी, शेजारी "आता मुलगा होणारच" हे वाक्य ऐकू आले, तर वाद घालू नका. एक रुपया काढा आणि त्या बाईंच्या हातात द्या. पाच छापे सलग पडेपर्यंत उडवायला सांगा. सरासरीने साठ-बासष्ट वेळा उडवावा लागेल. मग पुढचा एकच डाव बघायला सांगा आणि काय पडले ते कागदावर लिहून ठेवा. असे वीस वेळा केले की कागदावर छापे आणि काटे जवळपास सारखेच दिसतील. चार दुपारी जातील, पण त्या घरातल्या सुनेच्या वतीने तो कागद बोलेल.