आमच्या शिपाईदादांस निरोप



तीन तपे आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीचे दार उघडणारे शिपाईदादा आज सेवानिवृत्त होत आहेत. दादा, ज्या नोंदवह्या आपण पावसाळ्यात उघडून कसर झाडीत असा, त्यांत आपले नाव कोठेही नाही. परंतु आमची सर्वांची नावे आपल्यामुळे शाबूत आहेत.

विवाह झाला की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत, मूळ नावासमोर समासात, व्हावी लागते. बाप्तिस्मा परगावचा असल्यास तेथे पत्र धाडावे लागते. ते पत्र आपण नेत असा, डाकवहीत सही घेत असा, आणि उत्तर न आल्यास पुन्हा जात असा.

एका वधूची नोंद लग्न तोंडावर येऊनही सापडेना. आडनाव निराळे लिहिलेले, वर्षही चुकीचे सांगितलेले. आम्ही हात टेकले. आपण मात्र तिच्या आजीस गाठून धर्ममातेचे नाव विचारून आलात, आणि त्या नावावरून नोंद सापडली. त्या दिवशी आम्ही आपले साधे आभारही मानले नाहीत. ते आज मानतो.

आजवर आपण दाराबाहेरच्या बाकावर बसलात. आज आमच्या शेजारी या खुर्चीवर बसावे, ही विनंती. परमेश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो.